घाबरलेल्या आजींची खाटेशेजारची बौद्धिक चाचणी : एका इंटर्नच्या वहीतून

वॉर्डात दाखल झालेली वयस्कर व्यक्ती विचारलेल्या प्रश्नांना धड उत्तर देईनाशी झाली, की तिच्या केसपेपरवर ‘स्मृतिभ्रंश आहे का, पाहावे’ अशी एक ओळ लिहिली जाते आणि मग कोणीतरी खाटेशेजारी बसून तिला ठरावीक प्रश्न विचारते. सध्या कोणते वर्ष चालू आहे, आपण कुठे आहोत, हे तीन शब्द लक्षात ठेवा, महिने उलटे म्हणा, अशा स्वरूपाच्या या प्रश्नांना खाटेशेजारची बौद्धिक चाचणी म्हणतात. ती निदान करत नाही. पुढे खोलात जाऊन तपासायला हवे का आणि कोणत्या दिशेने, एवढेच ती सांगते. आज कोल्हापुरातल्या आमच्या रुग्णालयात मी ही चाचणी पहिल्यांदा जवळून पाहिली. रुग्ण आजी भेदरलेल्या होत्या, त्यामुळे भीतीने बिघडलेली उत्तरे कोणती आणि आजाराने बिघडलेली कोणती हे कसे ओळखायचे, हाच आजचा खरा धडा होता. तो ताजा असतानाच सविस्तर लिहून ठेवते आहे. आजींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आजी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या. वय कागदावर 76. न्यूमोनिया झाल्यामुळे दाखल झालेल्या, शाळेत कधीच न गेलेल्या, घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस. सकाळच्या राऊंडमध्ये घाईघाईत विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यांनी दिले नव्हते, म्हणून केसपेपरवर ती ओळ आली होती. दुपारी वृद्धरोग पाहणाऱ्या आमच्या मॅडम त्यांना तपासायला निघाल्या तेव्हा त्यांनी मला सोबत घेतले आणि पहिली अट घातली, की मी काही बोलायचे नाही, फक्त रुग्णाचे डोळे आणि हात पाहायचे.

आजींचे हात साडीचा पदर घट्ट धरून होते. डोळे आमच्याकडे नव्हते, मॅडमच्या हातातल्या कागद लावलेल्या पॅडकडे होते. मॅडमनी नाव सांगून नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिले आणि उत्तर सुनेनेच दिले. स्मृतिभ्रंशावर लिहिणारे डॉक्टर या मान वळवण्याला महत्त्व देतात, कारण ज्याला उत्तर आठवत नाही तो सवयीने जवळच्या माणसाकडे पाहतो. परंतु आपल्याकडे परक्या माणसाने, त्यातही डॉक्टरने, काही विचारले तर आधी घरच्यांकडे पाहणे हा कित्येक बायकांच्या वागण्याचा रीतसर भाग असतो. म्हणून या एका खुणेवरून काही ठरवता येत नाही. फरक करायचा तर घरचे माणूस नजरेआड गेल्यावर काय होते ते पाहावे लागते. मॅडमनी सुनेला खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला, आजींना दिसणार नाही पण जवळ आहे हे कळेल अशा जागी बसायला सांगितले, आणि सुनेने काय सांगायचे आहे ते नंतर वेगळे ऐकू, तोवर एकही उत्तर सुचवायचे नाही, हेही स्पष्ट केले.

यानंतर जवळपास दहा मिनिटे चाचणीतला एकही प्रश्न आला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ गप्पांत गेला असे वाटेल, पण चाचणीचा निम्मा निकाल मला वाटते याच वेळेत ठरला. मॅडमनी ‘घाबरू नका’ असे एकदाही म्हटले नाही. त्यांनी विचारले, ‘‘आजी, कशाची भीती वाटत्या?’’ आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग कागदाकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘अंगठा घेणार न्हाईसा न्हवं?’’

सकाळी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी संमतीपत्रावर अंगठा घेतला होता. शाईचे पॅड अजून खिडकीत पडलेले होते. घरी वाटणीचा विषय चाललेला, सातबाऱ्यावर आजींचे नाव असलेले, आणि आता पांढरे कोट घातलेल्या दोघी कागद घेऊन आलेल्या. आपले डोके ठिकाणावर नाही असे एकदा लिहून घेतले की जमीन हातची गेली, असा त्यांचा हिशेब होता, आणि ज्या पिढीने कागदापायी जमिनी गेलेल्या पाहिल्या त्या पिढीच्या दृष्टीने तो अजिबात वेडगळ नव्हता. मॅडमनी पॅडवरचा कागद काढून त्यांच्या हातात दिला, त्यावर काय छापले आहे ते ओळीने वाचून दाखवले, हा कागद दवाखान्याच्या फाइलीत राहतो आणि त्यावर कोणाची सही किंवा अंगठा लागत नाही हे सांगितले, आणि शाईचे पॅड उचलून नर्सकडे देऊन टाकले. शिवाय एक गोष्ट त्यांनी मला नंतर बजावली : अशा चाचणीत किती गुण पडले यावरून कोणी व्यवहाराला सक्षम आहे की नाही हे ठरत नसते. ती क्षमता ज्या त्या निर्णयापुरती स्वतंत्रपणे तपासावी लागते. तेव्हा आजींना दिलेला शब्द केवळ समजूत घालण्यापुरता नव्हता.

भीतीचा गुणांशी नेमका संबंध काय, हे इथे नीट मांडायला हवे. भ्यालेल्या माणसाचे लक्ष धोक्यावर खिळलेले असते. त्याच वेळी महिने उलटे म्हणायला सांगितले, तर आधी सरळ क्रम डोक्यात धरायचा, आपण कुठे आहोत ते लक्षात ठेवायचे आणि एक पाऊल मागे यायचे, या तिन्ही कामांना लागणारे लक्ष शिल्लकच नसते. शब्द लक्षात ठेवण्याचेही तसेच आहे. जो शब्द मुळात नोंदला गेला नाही तो पाच मिनिटांनी आठवत नाही म्हणून स्मरणशक्तीला दोष देणे चुकीचे आहे, कारण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून अनुभवी तपासनीस स्मरणाच्या प्रश्नाकडे वळण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घेतो : प्रश्न कानापर्यंत पोचतो आहे का, आणि लक्ष जागेवर आहे का. या दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर पुढचे सगळे गुण वाचण्यालायक राहत नाहीत.

कानाची तपासणी मॅडमनी फार साधेपणाने केली. त्यांनी तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, पैसा, आणि लगेच म्हणून दाखवायला सांगितले. आजी म्हणाल्या, ‘‘आंबा, सुरी, पैसा.’’ चूक झाली, पण चुकीचा प्रकार बोलका होता. खुर्चीच्या जागी टेबल किंवा पलंग आला असता तर अर्थाचा गोंधळ म्हणता आला असता, काहीच आले नसते तर लक्ष नाही असे म्हणता आले असते. सुरी हा शब्द मात्र आवाजाने जवळचा होता, म्हणजे ऐकण्यात घोटाळा होता. कान पाहिला तर डाव्या कानात मळ घट्ट बसलेला होता. मॅडम उठून उजव्या बाजूला आल्या, मास्क खाली घेतला, चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बसल्या आणि आवाज न चढवता, उलट थोडा खालच्या पट्टीत, सावकाश बोलू लागल्या. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ओरडून बोलले की पट्टी चढते, शब्द आणखी अस्पष्ट होतात आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो, तेव्हा भ्यालेल्या माणसाशी ओरडून बोलण्याचा दुहेरी तोटा होतो. दुसऱ्या खेपेला तिन्ही शब्द बरोबर आले. सकाळच्या चार प्रश्नांपैकी किती आजींना ऐकू आले होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

आणखी दोन अडथळे निघाले. चष्मा गावी राहिला होता, म्हणून चित्र काढणे किंवा वाचणे लागेल असे काही करायचे नाही असे ठरले. दुसरा अडथळा म्हणजे आजींना बऱ्याच वेळापासून लघवीला जायचे होते आणि पुरुष नातेवाइकांच्या गर्दीत ते बोलायची लाज वाटत होती. खाटेभोवती पडदा ओढला, सुनेने आणि आयाबाईंनी त्यांना नेऊन आणले, आणि परतल्यावर पदर डोक्यावरून नीट घेऊन त्या बसल्या तेव्हा श्वासाची लय सुद्धा बदललेली मला दिसली.

आता चाचणी कोणती करायची हा प्रश्न. सर्वांत प्रसिद्ध चाचणी फोल्स्टाइन दांपत्य आणि मॅक्ह्यू यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेली तीस गुणांची आहे. तिच्यात वाचणे, वाक्य लिहिणे, आकृती उतरवणे असते, म्हणजे शाळा न शिकलेल्या माणसाचे काही गुण आजार नसतानाही जातात. 2005 मध्ये आलेल्या मॉन्ट्रियल चाचणीत बारा किंवा कमी वर्षे शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात, पण मुळीच न शिकलेल्यांचे त्या एका गुणाने भागत नाही. हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगढ येथे ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी हिंदी मानसिक स्थिती परीक्षण तयार झाले आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लिहिण्यावाचण्याऐवजी बोलून आणि करून दाखवता येईल अशी कामे आहेत. आजींसाठी पुढे कधीतरी याच धर्तीची मराठी चाचणी योग्य ठरेल, असे मॅडम म्हणाल्या. परंतु आज त्यांनी यांपैकी एकही केली नाही. तापाने आजारी, दाखल असलेल्या वृद्ध रुग्णात पहिला प्रश्न स्मृतिभ्रंशाचा नसतोच, पहिला प्रश्न डिलिरियमचा असतो.

डिलिरियम म्हणजे शरीराच्या आजारामुळे, औषधामुळे किंवा रक्तातल्या क्षारांच्या बिघाडामुळे मेंदूच्या कामात तासा-दिवसांत आलेला गोंधळ. गावाकडे ‘वात झालाय’, ‘वातात बरळतोय’ असे ज्याला म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो आणि सुरुवातीला लक्ष बऱ्यापैकी शाबूत ठेवतो. डिलिरियम अचानक येतो, आधी लक्षच बिघडवतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. ओरडणारा, सलाइन ओढणारा रुग्ण सगळ्यांच्या नजरेत येतो, पण डिलिरियममध्ये निपचित, गप्प पडून राहणारे रुग्णही असतात आणि ‘शांत आहेत’ म्हणून नेमके तेच नजरेतून सुटतात. हा फरक करणे महत्त्वाचे, कारण डिलिरियममागे बहुधा आजच शोधता आणि आजच सुधारता येईल असे काहीतरी असते.

त्यासाठी मॅडमनी ‘फोर ए टी’ नावाची छोटी चाचणी वापरली. एडिनबरा येथील डॉक्टरांनी घडवलेल्या या चाचणीत चारच भाग आहेत आणि एरवी ती दोन मिनिटांत होते. चार किंवा अधिक गुण म्हणजे डिलिरियमची शक्यता. एक ते तीन म्हणजे बौद्धिक क्षमतेत काही कमतरता असू शकते. शून्य म्हणजे दोन्हींची शक्यता कमी, पण चौथ्या भागाची माहिती अपुरी असेल तर शून्यावरही विसंबायचे नाही. इथे गुण जास्त म्हणजे स्थिती वाईट, हे आधीच्या चाचण्यांच्या उलट आहे.

पहिला भाग जागेपणाचा. रुग्ण गुंगीत आहे का, किंवा स्पष्टपणे बेचैन आणि सैरभैर आहे का, असे दिसले तर सरळ चार गुण. इथेच भीती पहिल्यांदा फसवू शकते, कारण भ्यालेला माणूसही चुळबुळ करतो. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे पाहायचे ते एवढेच, की चुळबुळीला कारण आहे का आणि ते कारण दूर केल्यावर ती थांबते का. आजींची चुळबुळ शाईचे पॅड गेल्यावर आणि लघवी करून आल्यावर थांबली होती, नजर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर टिकत होती. गुण शून्य.

दुसऱ्या भागात चार प्रश्न असतात : वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष. आजींनी रुग्णालयाचे नाव बरोबर सांगितले. वय ‘‘पंच्याहत्तरी झाली असंल’’, जन्मतारीख ठाऊक नाही, वर्ष ‘‘ते पोरास्नी इचारा’’. या पिढीतल्या कित्येकांची कागदावरची जन्मतारीख 1 जून किंवा 1 जानेवारी असते, कारण ती कोणीतरी अंदाजाने लिहिलेली असते, आणि स्वतः ती कधी साजरी न केलेल्या माणसाला ती पाठ नसणे हा आजार नव्हे. परंतु मॅडमनी तिथे मनाने गुण दिले नाहीत. दोन किंवा अधिक चुका म्हणजे दोन गुण, तसे दोन लिहिले आणि बाजूच्या मोकळ्या जागेत आणखी काही प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदली. महिना कोणता? आषाढ. एकादशी झाली का? झाली, आणि ‘‘आता त्र्यंबोलीला पाणी घालायला जातील बाया’’. वयाचा अंदाज त्यांनी घटनांवरून घेतला. संस्थान विलीन झाले तेव्हा आजी अंगावर दूध पीत होत्या असे त्यांची आई सांगायची, आणि कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला मुलगा पोटात होता. कोल्हापूर संस्थान 1949 च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि कोयनेचा भूकंप 1967 च्या डिसेंबरमधला, म्हणजे हिशेब चोख बसतो. चालू ऋतूचे आणि सणांचे भान पक्के आहे, हे यातून कळले. भूकंपाच्या आठवणीला मात्र बेताचेच वजन द्यायचे, कारण जुन्या आठवणी स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळातही टिकून असतात. ‘आमच्या आईला पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे आठवते’ असे नातेवाईक दिलाशाने सांगतात, तेव्हा त्यातून सध्याच्या स्मरणाविषयी फारसे काही सिद्ध होत नाही.

तिसरा भाग लक्षाचा, महिने डिसेंबरपासून उलटे म्हणण्याचा. आजींना इंग्रजी महिने ओळीने येत नव्हते, म्हणून मॅडमनी मराठी महिने फाल्गुनापासून मागे म्हणायला सांगितले आणि हा बदल कागदावर लिहून ठेवला. आजी लगेच म्हणाल्या, ‘‘मला न्हाई येत.’’ नियमाप्रमाणे सुरुवातच करायला नकार दिला तर एक गुण लिहून पुढे जाता येते. मॅडम थांबल्या. मला ती शांतता फार लांब वाटली. मग तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारून त्यांनी नियमात बसणारी एकच मदत केली, ‘‘फाल्गुनाच्या आधीचा महिना कुठला?’’ आजी म्हणाल्या, ‘‘माघ.’’ आणि मग आपणहून बोटांच्या पेरांवर मोजत, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद, श्रावण, इथपर्यंत आल्या. सात किंवा अधिक महिने बरोबर आले की शून्य गुण. त्यांनी फाल्गुन धरून आठ सांगितले होते.

भीतीने अडलेले उत्तर आणि आजाराने अडलेले उत्तर यांतला फरक मला इथे समोर दिसला. भ्यालेला माणूस प्रयत्नच करत नाही, ‘येत नाही’ म्हणून विषय संपवतो, आणि धीर मिळाल्यावर एकदा सुरुवात झाली की गाडी पुढे जाते. डिलिरियममध्ये लक्ष गेलेला माणूस सुरुवात करतो, दोन महिन्यांनी थांबतो, काय विचारले होते तेच विसरतो, किंवा उलटे म्हणता म्हणता सरळ म्हणू लागतो. कितीही प्रेमाने विचारले तरी त्या वेळी त्यात फारसा फरक पडत नाही. हा नियम सर्वत्र लागू पडेल असे नाही, कारण एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि आजींच्या बाबतीत पुढे तसेच निघाले.

या वाट पाहण्यालाही मर्यादा आहेत, त्या मॅडमनी मला नंतर समजावल्या. प्रश्न पुन्हा विचारता येतो, वेळ देता येतो, चांगल्या कानाकडून बोलता येते. उत्तर सुचवता येत नाही, चुकीवर ‘नीट विचार करा बरं’ म्हणून दुसरी संधी देता येत नाही आणि दया आली म्हणून गुण वाढवता येत नाहीत. दयेने वाढवलेला गुण रुग्णाचे नुकसान करतो, कारण उद्या दुसऱ्या डॉक्टरने तीच चाचणी केली आणि गुण बदललेले दिसले, तर रुग्ण बदलला की तपासणारा बदलला हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणूनच कागदावर बेरजेबरोबर वेळ, भाषा, कोण हजर होते, चष्मा नव्हता, कोणत्या कानाकडून बोललो, आणि रुग्णाची उत्तरे तिच्याच शब्दांत लिहायची असतात. ‘वर्ष सांगता आले नाही’ आणि ‘ते पोरास्नी इचारा’ या दोन नोंदींत केवढा फरक आहे!

इथपर्यंत बेरीज दोन होती. समोर स्थिर बसलेल्या, महिने उलटे म्हणणाऱ्या, आषाढाची जत्रा सांगणाऱ्या आजी होत्या. हे सगळे भीतीचे आणि बंद कानाचे काम होते, असे म्हणून कोणीही उठले असते. चौथा भाग मात्र रुग्णाला विचारून भरायचा नसतोच. गेल्या दोन आठवड्यांत सुरू झालेला आणि गेल्या चोवीस तासांत दिसलेला असा काही बदल किंवा चढउतार रुग्णाच्या जागेपणात, समजुतीत किंवा वागण्यात आहे का, हे जवळच्या माणसाला आणि नर्सला विचारायचे असते.

मॅडम सुनेला घेऊन पडद्याबाहेर, आजींना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर गेल्या. आधी त्यांनी घरच्या रोजच्या कामांविषयी विचारले. दाखल होण्याच्या आधीच्या आठवड्यापर्यंत डेअरीचा हिशेब आजीच ठेवत होत्या. वाचता येत नसले तरी रोजचे लिटर तोंडपाठ, आणि दर दहा दिवसांनी बिल आले की फॅट कमी लागली म्हणून सुनेला डेअरीत पाठवायच्या. मग विचारले, काल रात्री काय झाले? सून आधी घुटमळली. सासू वेडी झाली असे आपल्या तोंडून लिहिले जाईल, ही तिची भीती होती. मग सांगू लागली, की रात्री दोनच्या सुमारास आजी उठून बसल्या, म्हशी सुटल्या म्हणून ओरडल्या, हाताची सलाइन ओढली, सुनेला ओळखेनात, आणि पहाटे झोपल्यावर सकाळी त्यांना यातले काही आठवत नव्हते. आदल्या रात्रीही थोडे असेच झाले होते. रात्रपाळीच्या नर्सच्या नोंदीतही सलाइन बदलल्याचे होते, कारण मात्र लिहिलेले नव्हते.

चौथ्या भागाचे चार गुण. एकूण शून्य, दोन, शून्य आणि चार, म्हणजे सहा. मॅडमनी मला विचारले, की दुसऱ्या भागातले दोन गुण निरक्षरतेमुळे पडले असे धरून वजा केले तर निष्कर्ष बदलतो का. बदलत नाही, चार उरतात आणि डिलिरियमची शक्यता कायम राहते. आता उलट बाजूने पाहायचे. सुनेला वेगळे घेऊन विचारलेच नसते तर बेरीज दोनवर थांबली असती, आणि दोनचा अर्थ ‘बौद्धिक कमतरता असू शकते’ असा असल्यामुळे केसपेपरवर स्मृतिभ्रंशाची शंका पक्की झाली असती. म्हणजे जो आजार आहे तो सुटला असता आणि जो आहे की नाही हे माहीत नाही तो नावापुढे लागला असता. दुपारी लक्ष चांगले असणे हे रात्रीच्या डिलिरियमच्या विरोधात जात नाही, कारण चढउतार हाच त्या आजाराचा स्वभाव आहे.

आजींची भीती आणि डिलिरियम यांचा परस्परसंबंधही मला आता वेगळा दिसतो. रात्री अर्धवट भानात अनोळखी माणसे हात धरून सुई टोचताना दिसली असतील, तर ती घटना लक्षात राहिली नाही तरी तिची दहशत दिवसा उरू शकते. डिलिरियममधून बरे झालेले काही रुग्ण नंतर तशा भयाचे वर्णन करतात. त्यामुळे ‘नुसत्या घाबरल्या आहेत’ हे वाक्य वॉर्डात ऐकले तर भीती कधीपासून आहे आणि ती रात्री वाढते का, हे दोन प्रश्न मी आता विचारीन.

पुढचे काम कारणे शोधण्याचे होते आणि ते भराभर झाले. न्यूमोनिया हे एक कारण होतेच. रक्तातले सोडियम 124 आले, ते साधारणपणे 135 ते 145 असायला हवे. आजींना रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली, लघवी वाढवणारी गोळी चालू होती. तिच्यामुळे वृद्धांमध्ये सोडियम उतरू शकते, म्हणून ती थांबवली. सोडियम एकदम न वाढवता बेताबेताने वर आणायचे ठरले, कारण ते झपाट्याने वाढले तर मेंदूलाच इजा होते. सुनेच्या पिशवीतून मेडिकलमधून आणलेले खोकल्याचे औषध निघाले. त्यात क्लोरफेनिरामिन होते, आणि सर्दी-खोकल्यावरचे हे गुंगी आणणारे औषध वृद्धांचा गोंधळ वाढवते. रात्री ‘शांत झोप लागावी’ म्हणून अल्प्राझोलाम देण्याची कोणीतरी केलेली सूचना मॅडमनी खोडली, कारण त्या गटातल्या गोळ्यांनी डिलिरियम उलट वाढतो. कानातला मळ काढायला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना कळवले, मुलाला चष्मा आणायला गावी पाठवले, खाट खिडकीजवळ घेतली, आणि रात्री रोज वेगळे नातेवाईक थांबण्याऐवजी सूनच थांबेल असे ठरवले.

स्मृतिभ्रंशाचा प्रश्न यामुळे निकालात निघाला नाही, तो पुढे ढकलला गेला. डेअरीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला बराच वाढलेला स्मृतिभ्रंश असणे अवघड आहे, पण सुरुवातीची घसरण सवयीच्या हिशेबामागे झाकलेली राहू शकते, आणि ज्यांचा मेंदू आधीच थोडा दुबळा झालेला असतो त्यांना डिलिरियम लवकर गाठतो. त्यामुळे हा प्रश्न टाकूनही देता येत नाही. डिलिरियम ओसरायला कधी दिवस लागतात तर कधी आठवडे. तोवर घेतलेली स्मरणाची कोणतीही चाचणी आजाराचेच गुण दाखवील. म्हणून उद्यापासून रोज फोर ए टी, शक्यतो संध्याकाळी, जेव्हा बिघाड वाढण्याची शक्यता असते. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी ओपीडीत, चष्मा लावून आणि मोकळ्या कानांनी, लिहिण्यावाचण्याची गरज नसलेली मोठी चाचणी. त्याच वेळी सुनेला एक प्रश्नावली विचारायची आहे, जिच्यात आजची स्थिती दहा वर्षांपूर्वीच्या स्थितीशी ताडून सुधारली, तशीच आहे की बिघडली, असे एकेका कामाबद्दल विचारतात. शाळेची गरज तिला मुळीच पडत नाही, पण उत्तर देणारे माणूस स्वतः थकलेले किंवा रुग्णाशी पटत नसलेले असेल तर उत्तरे काळी रंगतात, म्हणून दुसऱ्या कोणाला, बहुधा थोरल्या मुलीलाही, तीच प्रश्नावली विचारायची असे मॅडमनी लिहिले आहे.

केसपेपरवरच्या जुन्या ओळीखाली आजची नोंद अशी आहे : डिलिरियमची शक्यता, कमीजास्त होणारा, रात्री वाढणारा, संभाव्य कारणे न्यूमोनिया, कमी सोडियम, क्लोरफेनिरामिन, डावा कान बंद, चष्मा नव्हता, रुग्णाला कागदावर अंगठा घेतला जाण्याची भीती, पुढच्या प्रत्येक संमतीच्या वेळी कागद आधी मोठ्याने वाचून दाखवावा, स्मृतिभ्रंशाबाबत या मुक्कामात निष्कर्ष काढू नये.